शब्दकार्डं, ‘काल’ आणि घरची हिंदी

‘पहिलीतली तीन मुलं घरी हिंदी बोलतात. चित्रकार्डं तोंडपाठ आहेत, पण वर्गातल्या सूचना कळत नाहीत. पालकांना घरी मराठीच बोला असं सांगू का?’

नका सांगू. तोडकंमोडकं मराठी बोलायला लागलं की आईच्या गोष्टीच आटतात, आणि मुलाचा शब्दसाठा त्या गोष्टींतूनच वाढतो.

कार्डांत आंबा, ससा, घर असली नामंच असतील, तर थोडे दिवस ती बाजूला ठेवा. ‘वही उघड’, ‘खोडून टाक’, ‘रांगेत उभा राहा’ अशी कार्डं करा. एका वेळी पाचच. मूल कृती करून दाखवतं का ते बघा. नुसतं चित्राचं नाव सांगितलं म्हणजे शब्द आला असं नाही.

हिंदीच्या मुलांना खरं अडवतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. माझ्या वर्गातल्या एकाला विचारलं, ‘काल काय केलंस?’ तर म्हणाला, ‘मामा के घर जाएँगे.’ हिंदीत ‘कल’ म्हणजे कालही आणि उद्याही. तिथे क्रियापदावरून काळ कळतो. मग एका पट्टीवर तीन चौकोन काढले: काल, आज, उद्या. रोज सकाळी तो काल काय खाल्लं त्याचं चित्र पहिल्या चौकोनात काढायचा. ‘शिक्षा’ शब्दाचंही तसंच, हिंदीत ते शिक्षण!

कार्ड घरी पाठवा, पण पालकांना वाचायला लावू नका. मुलानेच चित्र दाखवून ‘इसे क्या कहते हैं?’ विचारायचं आणि तो शब्द उद्या वर्गात सांगायचा. तुम्ही तो कार्डामागे लिहा.