मदत हवी आहे: हीट इंजिनच्या गणितात एन्ट्रॉपी वाढते नेमकी कुठे?

मंडळी, फर्स्ट इयर फिजिक्सच्या एका गणितात अडकलोय. सोर्स 527°C, सिंक 27°C. इंजिन सोर्सकडून 800 किलोज्यूल उष्णता घेतं आणि 520 किलोज्यूल काम देतं, असा दावा आहे. शक्य आहे का?

हा भाग जमला. उरलेली 280 किलोज्यूल सिंकमध्ये जाते, म्हणजे पहिला नियम पाळला जातो. पण तापमानं केल्विनमध्ये 800 आणि 300, म्हणून कार्नो मर्यादा 1 − 300/800 = 62.5%. दावा 65% चा, म्हणजे अशक्य. (सेल्सिअस तसेच घातले तर 95% येतात आणि दावा बिनधास्त पास होतो!)

खरी अडचण पुढे आहे. तेच इंजिन प्रत्यक्षात 400 किलोज्यूल काम देतं, तर विश्वाच्या एन्ट्रॉपीत बदल किती? सोर्सची 800/800 = 1 ने घटते, सिंकची 400/300 = 1.333 ने वाढते. निव्वळ वाढ 0.333 किलोज्यूल प्रति केल्विन. तिला 300 ने गुणलं की 100 किलोज्यूल, आणि कार्नोच्या 500 पेक्षा काम कमी पडलंय तेही तेवढंच. इथवर छान जुळतं.

पण उत्तरात इंजिनमधल्या वायूचा बदल शून्य धरलाय, कारण चक्र पूर्ण होतं. घर्षण तर सिलिंडरच्या आतच होतं ना? मग आत तयार झालेली एन्ट्रॉपी वायूत का उरत नाही? ती सिंकला दिलेल्या जास्तीच्या उष्णतेबरोबर बाहेर पडते, असं म्हणणं बरोबर आहे का? आणि घर्षण अजिबात नसेल, फक्त सोर्स आणि वायू यांच्या तापमानात फरक असेल, तर हीच 0.333 कुठे मोजायची?