मैत्रिणीने गाठ घालून दिली, नंबर मिळाला, पहिला मेसेज तुम्हीच केलात, तर नेमकं काय लिहिलं होतं? अनुभव सांगा

सात रस्ता
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात माझ्या मित्राच्या बायकोने तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीशी माझी ओळख करून द्यायची ठरवली, नंबर पाठवला आणि म्हणाली आता पुढचं तुम्ही बघा भाऊजी. मी पार्क चौकात गाडी लावून तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं आणि शेवटी नुसतं 'हाय' टाकलं. टिका निळ्या झाल्या पण उत्तर काय नाही. दोन दिवसांनी वहिनींकडून कळलं की नंबर कोणाचा हेच तिला समजलं नव्हतं, त्याच दुपारी आणखी एका अनोळखी नंबरवरून असंच हाय आलेलं आणि तो निघाला कर्ज देणारा. मग मी नीट दुसरा मेसेज केला आणि आता बोलणं चालू आहे, पण ते दोन दिवस लै वाईट गेले. तुम्ही काय लिहिलं होतं, शब्द आठवत असतील तर तेच टाका.

जुळे सोलापूरची
मला असा मेसेज आला होता आणि आज आमच्या लग्नाला चार वर्षं झाली, म्हणून वाचणारीच्या बाजूने सांगते. अनोळखी नंबर आला की वर नावाच्या जागी नंबरच दिसतो, खाली ब्लॉक करायचं बटण, आणि नोटिफिकेशनमध्ये पहिली एक-दोन वाक्यंच दिसतात. म्हणजे मेसेज उघडायचा का नाही हे तिथेच ठरतं, त्यामुळे तुमचं नाव आणि मधल्या मैत्रिणीचं नाव पहिल्याच वाक्यात पाहिजे. आणखी एक, तुमचा डीपी 'फक्त माझे कॉन्टॅक्ट' वर असेल तर आधी तिचा नंबर सेव्ह करा, नाहीतर तिला तुमचा फोटो दिसतच नाही, नुसता राखाडी गोल दिसतो.

मला आलेला मेसेज असा होता, नावं काढून देते:

"नमस्कार, मी अमुक, तमुकचा शाळेपासूनचा मित्र. तिने तुमचा नंबर दिला, तुम्हाला विचारूनच दिलाय म्हणाली. तुम्ही पण शुक्रवारी पुण्याहून हुतात्माने येता असं कळलं, मी दोन वर्षं तेच केलं. कुर्डुवाडीला काही खाता का घरी येऊनच जेवता? आत्ता कामात असाल तर सावकाश सांगा."

'विचारूनच दिलाय' वाचल्यावर माझी निम्मी धाकधूक गेली. आणि प्रश्न असा की एका ओळीत उत्तर देता येतं, त्यासाठी स्वतःबद्दल काही उघड करावं लागत नाही. मी लिहिलं, 'घरीच, आई भाकरी झाकून ठेवते'. तिथून शेंगाचटणीवर गाडी गेली आणि रात्रीचे साडेअकरा वाजले. त्याने 'तुमच्याबद्दल सांगा ना' लिहिलं असतं तर मी उद्या बघू म्हणून फोन ठेवून दिला असता, कारण त्याचं उत्तर कुठून सुरू करायचं हेच कळत नाही.

अक्कलकोट रोड
माझा घोळ तू-तुम्हीचा झाला. मित्र म्हणाला आपल्याच वयाची आहे बे, बिनधास्त बोल. आमच्या घरात तेलुगू, मराठी मी मित्रांतच बोलतो त्यामुळे तोंडात तूच बसलंय. मी लिहिलं 'तू काय करतेस सध्या', तिचं उत्तर आलं 'आपण कोण बोलताय?' तो 'आपण' वाचून घाम फुटला. नंतर माफी मागितली, ती बोलली पण चांगली, तरी पहिले आठ दिवस ती फार जपून बोलत होती.

पाखर पेठ
यावर सोपा उपाय, तू पण नको आणि तुम्ही पण नको, वाक्यच तसं करायचं. 'कालच नंबर मिळाला, काम कसं चाललंय?' झालं.

जुळे सोलापूरची
@पाखर पेठ एक वाक्य जमतं ओ, दुसऱ्याला क्रियापद आलं की 'सांग' का 'सांगा' हे लिहावंच लागतं. आणि ओढूनताणून टाळलेलं समोरच्याला कळतं. सरळ तुम्हीने सुरू करा, ती 'अहो तू म्हणा' म्हणाली की बदला. तुम्हीवरून तूवर येणं गोड वाटतं, उलटं जाताना भांडण झाल्यासारखं वाटतं.

निवृत्त मास्तर
माझ्या मते मुलाने स्वतः मेसेज करूच नये. आधी बायोडेटा आणि पत्रिका वडिलांकडे पाठवावी, मग चहापोहे. माझ्या पुतण्याचं स्थळ असंच जमलं, मुलगी बार्शीची, फार गुणी आहे.

सात रस्ता
काका नमस्कार, पुतण्याचं ऐकून छान वाटलं. पण हे स्थळाचं नाही हो, दोघांच्याही घरी अजून काही माहीत नाही. मित्रांनी फक्त ओळख करून दिलीय.

विजापूर रोड
मी तर म्हणतो टाईप करूच नका, व्हॉइस नोट पाठवा. लिहिलेलं कोरडं वाटतं, आवाजात माणूस कळतो. मी ४० सेकंदांची पाठवली होती आणि तिला आवडली.

बँकेतली मी
आवाजात माणूस कळतो हे बरोबर, पण पहिल्याला नको. मी काउंटरवर बसते, अनोळखी नंबरची व्हॉइस नोट आली तर ऐकणार कुठे? घरी गेल्यावर आई शेजारी. मला एकाने पाठवलेली, ती मी तिसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन ऐकली आणि तोवर त्याने 'इंटरेस्ट नसेल तर ठीक आहे' असं लिहून टाकलं होतं. दहा-बारा मेसेज झाल्यावर पाठवा की, तेव्हा मीच कानाला लावून ऐकेन.

माझं जे खरं दुखणं आहे ते वेगळं. एकाने पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलं, 'तुमचं मागच्या वर्षी जमलेलं मोडलं हे ऐकलं, वाईट वाटलं.' तो मनाने चांगला असेलही. पण मी ते फक्त माझ्या मैत्रिणीला सांगितलं होतं, रडत सांगितलं होतं. त्याला उत्तर दिलं नाही आणि मैत्रिणीशी तीन महिने बोलले नाही. मित्राने तुम्हाला दहा गोष्टी सांगितल्या असतील, त्यातली जी तिने कोणाच्याही समोर सांगितली असती तीच मेसेजमध्ये घ्या, बाकीच्या माहीत आहेत हे पण दाखवू नका. तिला जेव्हा सांगायचंय तेव्हा ती सांगेल.

पाखर पेठ
उत्तर नाही आलं तर? किती थांबायचं?

जुळे सोलापूरची
तीन-चार दिवस, मग एक साधा मेसेज, मग गप्प. मधल्या मैत्रिणीला विचारलं तरी चालेल.

बँकेतली मी
मला हे पटत नाही. निळ्या टिका दिसल्या म्हणजे तिने वाचलंय, तिला यायचं असेल तर येईल. मधल्या मैत्रिणीला तर अजिबात विचारू नका, ती मग आमच्या मागे लागते आणि नाही म्हणणं अवघड होऊन बसतं.

सात रस्ता
पण माझं वहिनींना विचारल्यामुळेच जमलं की. मी विचारलं नसतं तर आजही तो नंबर तिच्यासाठी कर्जवालाच राहिला असता.

बँकेतली मी
तुमच्या पहिल्या मेसेजमध्ये नावच नव्हतं ना. नाव असतं आणि तरी ती गप्प बसली असती तर ते उत्तरच होतं.

अक्कलकोट रोड
मंडळी, दुसऱ्यांदा संधी आलीय, आज रात्री पाठवायचाय. बघा जरा: "नमस्कार, मी अमुक, तमुकचा कारखान्यातला मित्र. त्याने तुम्हाला विचारून नंबर दिला. तुम्ही गड्ड्याच्या जत्रेत दरवर्षी फोटो काढता असं तो सांगत होता. यंदाचे कुठे बघायला मिळतील? तसेच तुमचे छंद, आवडीनिवडी आणि भविष्याबद्दलचे विचार कळवावेत."

जुळे सोलापूरची
शेवटचं वाक्य काढा. बाकी हात लावू नका.

अक्कलकोट रोड
काढलं. पाठवला. एकच टिक आहे.

बँकेतली मी
एक टिक म्हणजे अजून तिच्या फोनवर गेलाच नाही, फोन बंद असेल नाहीतर रेंज नसेल. जेवून घ्या तोवर.