मदत हवी आहे: प्लॉटच्या कराराचा मसुदा मशीनने लिहिलेला वाटतो, काय तपासू?

डिचोलीची_लेक: नमस्कार. बाबा डिचोलीजवळ ३०० चौरस मीटरचा प्लॉट घेताहेत. विक्रेत्याने सोळा पानी करार पाठवलाय, इंग्रजी अगदी सफाईदार. पण कलम ९ मध्ये 'परिशिष्ट ब पाहावे' म्हटलंय आणि ते परिशिष्ट जोडलेलंच नाही. 'डिलिव्हरेबल्स'ची व्याख्या अर्धा पान आहे, पुढे तो शब्द एकदाही येत नाही. परवा टोकन द्यायचंय. बाबांची आयुष्यभराची पुंजी आहे हो.

आमोणेकर: लांबलचक गोपनीयता कलम, नैसर्गिक आपत्तीचं कलम असं काही दिसलं की समजा मशीनचंच.

पर्वरीतला_भाडेकरू: भाडेकरार असेल तर पोलीस स्टेशनला भाडेकरूचा फॉर्म भरा. माझा घरमालक विसरला होता, फार त्रास झाला.

जुना_वकील: ताई, हा भाडेकरार नाही, विक्रीचा आहे. आणि आमोणेकर, ती कलमं आम्हीही वर्षानुवर्षं जुन्या फायलीतून उचलतो. त्यावरून काही सिद्ध होत नाही. मी बघतो ते मसुद्याला गोवा ठाऊक आहे का. जमिनीचा पुरावा म्हणून काय लिहिलंय? आणि सह्या कोणाच्या?

डिचोलीची_लेक: 'सात-बारा उतारा' लिहिलंय. सही फक्त विक्रेत्याची. 'मालमत्ता स्वकष्टार्जित असून पत्नीचा त्यात हक्क नाही' असंही एक वाक्य आहे.

जुना_वकील: इथेच थांबा. सात-बारा महाराष्ट्रातला. आपल्याकडे फॉर्म एक व चौदा असतो, सर्व्हे नंबर आणि सबडिव्हिजनसकट. ही चूक दुरुस्त होईल. खरा धोका त्या वाक्यात आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा कौटुंबिक कायदा चालतो. इथे लग्न झालेल्यांनी लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्ता सहसा दोघांची सामाईक असते, कमाई कोणाचीही असो. नुसतं 'हक्क नाही' लिहून पत्नीचा अर्धा वाटा जात नाही. तिने विक्रेती म्हणून सही करायला हवी. बाकी भारतासाठी ते वाक्य चालून जातं, म्हणूनच ते वाचताना खटकत नाही. विक्रेत्याचा विवाह नोंदणीचा दाखला मागा, लग्न कुठे झालं आणि आधी करार होता का ते कळेल.

आमोणेकर: म्हणजे मशीनचंच ना?

जुना_वकील: मुंबईच्या टायपिस्टनेही हेच केलं असतं. कोणी लिहिलं हे मी सांगू शकत नाही. हा व्यवहार समोर ठेवून लिहिलेलं नाही, एवढं नक्की.

डिचोलीची_लेक: दाखला मागितला. विक्रेता म्हणतो लग्न बेळगावला झालं. मग?

जुना_वकील: मग प्रश्न बदलला. लग्न कधी झालं, दोघं मूळचे कुठले, हे कळल्याशिवाय मी बोलणार नाही. टोकन तेवढं थांबवा, आणि कागद घेऊन बाबांना इथल्याच वकिलाकडे न्या.

डिचोलीची_लेक: बाबांना आत्ताच फोन लावते. विक्रेता म्हणतोय उद्या दुसरं गिऱ्हाईक येणार आहे.