प्रस्तावनेतला ‘फिटनेस’ कुणासाठी उलगडायचा?

डासवाली: आमचा पेपर आधी फक्त डासवाल्यांसाठी लिहिला होता, आता तो सर्वसाधारण जीवशास्त्राच्या जर्नलला चाललाय. विषय असा: डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस इजिप्ताय डासात वोल्बाकिया हा जिवाणू घातला, तर उन्हाळ्याच्या उकाड्यात तो डासाच्या पुढच्या पिढ्यांत टिकतो का. संपादकांचं म्हणणं, प्रस्तावना बाहेरच्या वाचकाला कळेल अशी करा, संज्ञा पहिल्यांदा येईल तिथेच थोडक्यात उलगडा. पेपर अर्थातच इंग्रजीत आहे. त्यातलं दुसरं वाक्य मराठीत सांगायचं तर: ‘सायटोप्लाझ्मिक इनकम्पॅटिबिलिटी आणि पक्कं मॅटर्नल ट्रान्समिशन यांच्या जोरावर वोल्बाकियाचा डब्ल्यूमेल स्ट्रेन, फिटनेस कॉस्ट असूनही, व्हेक्टर पॉप्युलेशनमध्ये घुसतो आणि तिची व्हेक्टर कॉम्पिटन्स घटवतो.’ मी प्रत्येक शब्दामागे कंस करून अर्थ दिला. सर म्हणाले, "पेपर आहे का अकरावीचं पुस्तक?" सरांचं बरोबर आहे का?

खडूस रिव्ह्यूअर: सरांचं बरोबर आहे. एका वाक्यात पाच कंस म्हणजे पाच गतिरोधक. ज्याला विषय येतो तो वैतागतो, ज्याला येत नाही त्याला पाचव्या कंसापर्यंत क्रियापद आठवत नाही. एखादा चांगला आढावा लेख संदर्भाला द्या, ज्याला गरज असेल तो वाचेल. मी वर्षाला पंधरा-वीस हस्तलिखितं तपासतो. प्रस्तावना अवघड होती म्हणून एकही नाकारलेलं नाही. फुगलेल्या प्रस्तावना मात्र नेहमी परत पाठवतो.

हिरवा चतुर: एवढं काय अवघड आहे त्यात? सायटोप्लाझ्मिक वगैरे काढा आणि ‘वोल्बाकियामुळे नर वांझ होतो’ असं लिहा. चार शब्दांत काम झालं. मी शाळांमधून डासांवर बोलतो तेव्हा असंच सांगतो, मुलांना बरोब्बर कळतं.

जुनी संपादक: चतुर, मुलांना कळतं खरं, पण चुकीचं कळतं. नर वांझ होत नाही. चार जोड्या डोळ्यांसमोर आणा. नरात वोल्बाकिया आहे आणि मादीत नाही, एवढ्या एकाच जोडीची अंडी फुकट जातात. दोघांतही असेल, दोघांतही नसेल किंवा फक्त मादीत असेल, तर अंडी नीट उबतात. म्हणजे तोच नर एका मादीबरोबर वांझ ठरतो आणि दुसरीबरोबर बाप होतो. शिवाय वोल्बाकिया पुढच्या पिढीत जातो तो आईच्या अंड्यातून, नराकडून नाही. त्यामुळे जिच्यात तो आहे ती मादी कुठल्याही नराबरोबर फायद्यात राहते आणि तिची वीण वस्तीत वाढत जाते. ‘नर वांझ’ म्हटलंत की हा पसरण्याचा भागच गळून पडतो. उलट वाचकाला वाटतं, नर सोडून डास संपवायचे आहेत. तसा प्रयोग खरंच झालेला आहे: ब्रह्मदेशात रंगूनजवळच्या ओक्पो गावात क्युलेक्स डासांवर, 1967 मध्ये प्रसिद्ध झालेला. पण डासवालीचा पेपर डास संपवण्याचा नाही, डास बदलण्याचा आहे. त्या चार शब्दांनी तिचा पेपर दुसऱ्याच विषयाचा झाला असता.

आता खडूस यांच्याशी भांडते. गतिरोधक कंसामुळे होतात, अर्थ सांगितल्यामुळे नाही. डासवाली, क्रम उलटा कर. आधी काय घडतं ते साध्या वाक्यात सांग, मग त्याला नाव दे. काहीसं असं:

‘वोल्बाकिया हा कीटकांच्या पेशींच्या आत राहणारा जिवाणू आईकडून अंड्यावाटे संततीत जातो. एडीसमध्ये वोल्बाकिया असलेला नर आणि नसलेली मादी यांच्या मीलनातून आलेली अंडी जवळजवळ उबतच नाहीत. मादीत वोल्बाकिया असेल तर मात्र नर कसाही असो, अंडी उबतात. या घटनेला सायटोप्लाझ्मिक इनकम्पॅटिबिलिटी म्हणतात.’

नाव येईपर्यंत वाचकाच्या मनात वस्तू तयार असते. आणि जो तज्ज्ञ आहे तो दुसऱ्या वाक्याच्या मध्यावरच ओळखून पुढे सरकतो, त्याचे दहा सेकंद गेले. मॅटर्नल ट्रान्समिशनही त्यातच येऊन गेलं, वेगळं सांगावं लागलं नाही.

आकडेमोड: मी संख्याशास्त्राचा माणूस. जीवशास्त्राचे पेपर सहलेखक म्हणून वाचतो, म्हणजे तुमचा तो ‘बाहेरचा वाचक’ मीच. एक सांगू? सायटोप्लाझ्मिक इनकम्पॅटिबिलिटीनं मला कधीच फसवलं नाही. शब्द बघताच कळतं की हे आपल्याला येत नाही, मग शोधतो. फसवतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. ‘फिटनेस कॉस्ट’ वाचून मी पहिली दोन वर्षं समजत होतो की डास अशक्त होतो, उडायला कमी पडतो. फिटनेस म्हणजे मागे किती संतती राहते त्याचा हिशेब, हे मला कुणी सांगितलंच नाही, कारण त्यांच्या लेखी तो शब्द अवघड नव्हताच. व्हेक्टर म्हटलं की आम्हाला दिशा असलेली राशी दिसते. आमच्याच विद्यापीठातल्या जनुकशास्त्रज्ञ बाईंना व्हेक्टर म्हणजे जनुक वाहून नेणारा प्लाझ्मिड दिसतो. आणि व्हेक्टर कॉम्पिटन्स? मला वाटलं दोन डास जातींमधली चुरस. हसू नका.

डासवाली: हसले नाही, पण दचकले. माझ्या पाच कंसांतला सगळ्यात लांब सायटोप्लाझ्मिकचा आणि सगळ्यात आखूड फिटनेसचा. त्यात मी ‘फिटनेसमधील घट’ एवढंच लिहिलं होतं!

अकरावीचे मास्तर: सरांना सांगा, अकरावीच्या पुस्तकाला नावं ठेवू नका. दुसरं म्हणजे मराठी प्रतिशब्द वापरा ना. पेशीद्रव्यी विसंगती, मातृक संक्रमण, वाहकक्षमता. आमच्या मुलांना वाहक म्हटलं की बसचा कंडक्टर आठवतो हे खरं, पण तीही ओळख झालीच. मी स्वतः वनस्पतिशास्त्राच्या 200 संज्ञांची वही केली आहे, हवी असल्यास देतो.

डासवाली: मास्तर, वही नक्की द्या, पण पेपर इंग्रजीतच जाणार आहे. इथे मराठीत सांगितलं ते फक्त चर्चेसाठी. आणि ‘मातृक संक्रमण’नं माझा प्रश्न तसाच राहतो. नाव मराठी झालं, अर्थ अजून सांगायचाच आहे.

खडूस रिव्ह्यूअर: जुन्या संपादकांची चार वाक्यं चांगली आहेत, मान्य. पण त्यांनी गुपचूप एक शब्द घातला तो बघितलात का? ‘एडीसमध्ये’. तो काढला तर वाक्य खोटं होतं. डब्ल्यूमेल मुळात ज्या फळमाशीतून आला, त्या ड्रोसोफिला मेलॅनोगास्टरमध्ये हाच परिणाम कमजोर असतो, पुष्कळ अंडी उबतात. माझा खरा आक्षेप हाच आहे. नुसती संज्ञा लिहिली तर ती काहीच दावा करत नाही. अर्थ उलगडला की तो तुमचा दावा होतो, आणि सोप्या वाक्यात तो नेहमी खऱ्यापेक्षा थोडा मोठा होतो. ‘जवळजवळ’ हा शब्द तर तुमचे सर लाल पेनानं काढतील बघा.

फिटनेसचंही तेच. ‘संतती कमी होते’ असं लिहिलंत तर डब्ल्यूमेलपॉपबद्दल काय सांगाल? त्या स्ट्रेनमुळे डासाचं आयुष्यच निम्म्यावर येतं. ऑस्ट्रेलियात आणि व्हिएतनाममध्ये सोडून पाहिला, वस्तीत टिकला नाही. तिथे किंमत आयुष्यात मोजली जाते, अंड्यांच्या उबण्यात मोजली जाते, बरंच काही असतं. एका ओळीत कोंबाल का?

जुनी संपादक: कोंबायचं नाहीच. डासवाली, तुमच्या पेपरात फिटनेस मोजला आहे का?

डासवाली: नाही. कॉम्पिटन्सही नाही. आम्ही फक्त वेगवेगळ्या तापमानात अळ्या वाढवून मोठ्या डासांत वोल्बाकिया किती उरला, आणि संततीत किती जणांत गेला, एवढंच मोजलंय.

जुनी संपादक: मग ते दोन्ही शब्द पेपरात पुन्हा येणारच नाहीत. जी संज्ञा एकदाच येते तिचा अर्थ द्यायचा नाही, तिला घालवायचं आणि अर्थच लिहायचा. ‘फिटनेस कॉस्ट असूनही’च्या जागी ‘वोल्बाकियामुळे डासाची पुढची पिढी थोडी रोडावत असली तरी’. कॉम्पिटन्सच्या जागी ‘अशी मादी डेंग्यूच्या रुग्णाला चावली तरी विषाणू तिच्या लाळेपर्यंत पोचण्याची शक्यता कमी असते’. वाचवलेले शब्द मॅटर्नल ट्रान्समिशनला द्या, कारण तुमचा सगळा प्रश्न त्याच्यावर उभा आहे. मूळ वाक्यात त्याला ‘पक्कं’ म्हणून तुम्ही पुढे निघून गेलात. बाहेरच्या वाचकाला ते कशामुळे पक्कं आणि कशानं कच्चं होतं हे माहीत नसेल, तर उकाड्याची भीती कशाला हेच त्याला कळणार नाही. तिथे दोन वाक्यं थांबा: अंड्यात पुरेसे जिवाणू गेले तरच संततीत वोल्बाकिया राहतो, आणि उष्णतेत डब्ल्यूमेलची संख्या घटते. मग तुमचा प्रश्न आपोआप पुढे येतो.

आकडेमोड: एक भर. मी पेपर पहिल्या ओळीपासून वाचतच नाही. आधी सारांश, मग आकृत्या, मग पटलं तर बाकीचं. प्रस्तावनेत उलगडलेलं मला आकृती तीनच्या मथळ्यात उपयोगी पडत नाही. सारांशात वेगळं सांगा, आणि आकृतीखाली निदान सायटोप्लाझ्मिक इनकम्पॅटिबिलिटीचं नुसतं ‘सीआय’ असं आखूड करून टाकू नका.

खडूस रिव्ह्यूअर: म्हणजे एकच गोष्ट तीनदा? जर्नलची शब्दमर्यादा कोण पाळणार?

जुनी संपादक: संक्षेप सारांशात एकदा आणि मुख्य मजकुरात पुन्हा एकदा उलगडायची पद्धत जुनीच आहे, सारांश वेगळा छापला जातो म्हणून. आकृतीबद्दल मात्र खडूस यांच्याशी मी अर्धी सहमत. त्यापेक्षा त्या चार जोड्यांचं छोटंसं चौकोनी चित्र पहिल्याच आकृतीत द्या, मजकुरातलं एक वाक्य कमी होईल.

हिरवा चतुर: वांझ शब्द मागे घेतो. शाळेत आता चार जोड्यांच्या चिठ्ठ्या करून खेळ घेईन. पण मग ‘वोल्बाकियाची लागण झालेला डास’ हे तरी चालेल ना? सगळेच तसं म्हणतात.

खडूस रिव्ह्यूअर: चालेल. क्षेत्रात तोच शब्द रूढ आहे, बदलाल तर शोधणाऱ्याला पेपर सापडणार नाही.

आकडेमोड: मला नाही चालणार. डेंग्यूच्या पेपरात ‘लागण झालेला डास’ वाचलं तर मी डेंग्यूची लागण असंच समजेन, आणि तक्ता उलटा वाचेन.

डासवाली: इथे मीही अडकलेय. सरांनी नवीन मसुदा वाचला. ‘जवळजवळ’ काढला नाही, फिटनेस गेला तेही चाललं. ‘लागण’च्या जागी मी ‘वोल्बाकिया-धारक’ केलं होतं, त्यावर मात्र समासात प्रश्नचिन्ह आहे. शीर्षकात रूढ शब्द ठेवून आत बदलावा का, यावर उद्या बोलायचंय.