चुकांच्या तक्त्यातील ‘कारण’ हा रकाना तुम्ही कसा भरता? आपले अनुभव लिहावेत

धागा सुरू करणारी, फोंडा (अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते)

प्रश्न, चुकीचा प्रकार, कारण आणि उपाय असे चार रकाने आखून सराव परीक्षेतील चुका लिहून काढण्याची पद्धत आता बहुतेक मुलांना ठाऊक आहे. मी तपासलेल्या वह्यांमध्ये पहिले दोन रकाने नीट भरलेले असतात, तिसऱ्यात ‘निष्काळजीपणा’ आणि चौथ्यात ‘काळजीपूर्वक सोडवणे’ असे लिहिलेले असते, आणि पुढच्या महिन्यात तीच चूक नव्या तारखेखाली पुन्हा आलेली असते. म्हणून चर्चा तिसऱ्या रकान्यापुरती ठेवावी, अशी विनंती आहे. सुरुवातीला नीटची तयारी करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीचा तक्ता मांडते.

पहिली नोंद अशी होती: २५ मीटर उंच मनोऱ्यावरून चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला, तर तो जमिनीवर किती वेळाने पडेल? g चे मूल्य १० घ्यायचे होते. वरची दिशा धन धरली की विस्थापन उणे २५ होते, त्यातून t² − 4t − 5 = 0 हे समीकरण मिळते आणि उत्तर ५ सेकंद येते. तिने सगळ्याच राशी धन घेतल्या, तिला t² + 4t − 5 = 0 मिळाले आणि उत्तर १ सेकंद आले. तो पर्यायही समोर दिलेला होता, त्यामुळे तिला शंका आली नाही. खरे तर १ सेकंद हे चेंडू त्याच वेगाने खाली फेकल्याचे उत्तर आहे.

दुसरी नोंद बहिर्वक्र भिंगाची होती. नाभीय अंतर २० सेंमी आणि वस्तू ३० सेंमीवर असेल, तर प्रतिमा ६० सेंमीवर पडते. वस्तूच्या अंतराला उणे चिन्ह न दिल्यामुळे तिचे उत्तर १२ सेंमी आले. तिसरी नोंद उष्मागतिकीची होती. वायूने २० ज्यूल उष्णता बाहेर टाकली आणि वायूवर ५० ज्यूल कार्य झाले, तर अंतर्गत ऊर्जा ३० ज्यूलने वाढते, पण तिने ती ७० ज्यूलने घटली असे लिहिले होते.

तिन्ही ठिकाणी प्रकार ‘चिन्हाची चूक’ आणि कारण ‘घाई’ असे लिहिले होते. चवथीच्या सुट्टीत मी तिला कच्च्या कामाची पाने घेऊन बोलावले, तेव्हा पहिल्या दोन प्रश्नांत आकृती किंवा दिशेचा बाण कुठेच दिसला नाही. आकडे सूत्रात थेट भरले होते आणि चिन्हे मनातल्या मनात ठरवली होती. तिसऱ्या प्रश्नाची गोष्ट निराळी होती. तिथे तिने सूत्र भौतिकशास्त्राचे घेतले होते, ज्यात वायूने केलेले कार्य धन असते, आणि चिन्ह रसायनशास्त्राच्या पुस्तकातले घेतले होते, जिथे वायूवर झालेले कार्य धन धरतात. हा प्रश्न तिने शांतपणे, भरपूर वेळ देऊन सोडवला होता. तिथे घाईचा काही संबंधच नव्हता.

म्हणजे चुकीचा प्रकार एक असूनही कारणे दोन निघाली आणि उपायही दोन झाले. पहिल्या कारणासाठी, आकडा भरण्यापूर्वी बाण काढून प्रत्येक राशीपुढे चिन्ह लिहायचे, असे ठरले. दुसऱ्यासाठी दोन्ही विषयांची सूत्रे एका पानावर शेजारी शेजारी लिहून एकच गणित दोन्हींनी सोडवायचे ठरले. धड्यानुसार लावलेल्या वहीत मनोरा आणि भिंग एकमेकांपासून कितीतरी पाने दूर होते. कारणानुसार लावल्यावर ते एकाखाली एक आले.

साखळी (दुसऱ्यांदा नीट देणार)

माझ्या वहीत दोनशेपेक्षा जास्त नोंदी आहेत. प्रत्येक चुकलेला प्रश्न कापून चिकटवतो आणि प्रकारानुसार रंग देतो. एकही चूक सुटता कामा नये, असे माझे मत आहे. परीक्षेच्या दिवशीच संध्याकाळी वही भरतो, कारण दुसऱ्या दिवशी आपण काय विचार केला होता तेच आठवत नाही. कारणाचा रकाना मात्र मी उत्तरसूचीतील स्पष्टीकरण वाचून भरतो.

धागा सुरू करणारी, फोंडा

त्याच संध्याकाळी लिहिण्याची तुमची सवय उत्तम आहे, ती सोडू नये. परंतु स्पष्टीकरणावरून प्रश्न कसा सोडवायला हवा होता एवढेच कळते, तुम्ही तो कसा सोडवलात हे तुमच्या कच्च्या कागदावरच सापडते. दोनशे नोंदींपैकी किती प्रश्न तुम्ही उत्तर झाकून पुन्हा सोडवलेत, हेही कळवावे.

साखळी

खरे सांगायचे तर तीसच्या आसपास, बाई. चिकटवण्यातच वेळ जातो.

काणकोण (पालक)

माझ्या मुलाला पूर्वपरीक्षेत गणिताची उत्तरे बरोबर असूनही गुण कमी मिळाले. असा तक्ता करून शिक्षकांना दाखवला, तर गुण वाढवून मिळतात का?

धागा सुरू करणारी, फोंडा

नाही, हा तक्ता मुलाने स्वतःसाठी ठेवायचा असतो. तरीही तुमचे उदाहरण त्यात बसते. उत्तर बरोबर आणि गुण कमी, याचा अर्थ बहुधा मधल्या पायऱ्या लिहिलेल्या नाहीत. उत्तरपत्रिकेत गुण नेमके कोणत्या ओळीजवळ कापले आहेत ते त्याला पाहू द्या आणि कारणाच्या रकान्यात तीच गाळलेली ओळ लिहू द्या.

डिचोली (निवृत्त गणित शिक्षक)

बाईंनी मांडलेले पटले. मी मुलांना सांगत असे की, ‘का चुकलो’ असे विचारू नका, ‘हाताने काय केले किंवा काय करायचे राहिले’ ते लिहा. ‘लक्ष नव्हते’ हे कागदावर दाखवता येत नाही, ‘कंसाबाहेरचे उणे चिन्ह दुसऱ्या पदाला लावले नाही’ हे बोट ठेवून दाखवता येते. जे दाखवता येते त्याचाच उपाय तपासता येतो. तपासतानाही गुण पाहू नयेत, कारण सोप्या प्रश्नपत्रिकेत गुण तसेही वाढतात. ठरवलेली कृती पुढच्या दहा गणितांपैकी किती ठिकाणी कागदावर दिसते, ते मोजावे. मात्र एक मर्यादा सांगतो. काही चुकांचा कागदावर मागमूसही राहत नाही, विशेषतः प्रश्नातील ‘नाही’ हा शब्द वाचायचा राहतो तेव्हा. तिथे कारण शोधत बसू नये, तो शब्द अधोरेखित करण्याची सवय लावावी.

पेडणे (कारकून पदाच्या परीक्षांची तयारी करते)

माझी अडचण वेगळी आहे. माझे चुकलेले प्रश्न थोडेच असतात, पण बरेच प्रश्न सोडवायचेच राहतात आणि काही अंदाजाने बरोबर येतात. या दोहोंना तक्त्यात जागाच नव्हती. आता सोडवतानाच अंदाजाच्या प्रश्नापुढे बारीक टिंब देते आणि उत्तर बरोबर आले तरी त्याची नोंद करते. राहिलेल्या प्रश्नांचे कारण मात्र त्या प्रश्नांत सापडत नाही. मागच्या वेळी आधीच्या एका बैठकव्यवस्थेच्या कोड्यावर माझी अकरा मिनिटे गेली होती. मग नोंद राहिलेल्या प्रश्नांची करावी की त्या कोड्याची?

डिचोली

कोड्याची करावी. ते बरोबर सुटले असले तरीही.

साखळी

मला हे पटत नाही. बरोबर सुटलेले प्रश्नही लिहायचे ठरले, तर वही कधीच संपणार नाही.

धागा सुरू करणारी, फोंडा

म्हणूनच मी एका सराव परीक्षेमागे सात-आठच नोंदी ठेवायला सांगते आणि आधी वहीत असलेले कारण पुन्हा आले, तर नवी ओळ न लिहिता जुन्या ओळीपुढे तारीख घालायला सांगते. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या ‘बाण काढला नाही’ या ओळीपुढे दिवाळीपर्यंत चार तारखा होत्या आणि त्यानंतर एकच पडली आहे. सूत्रांच्या गोंधळापुढे मात्र अजूनही तारखा वाढत आहेत आणि शेजारी शेजारी लिहिण्याचा उपाय तिथे अपुरा पडला, असे मला वाटू लागले आहे. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कोणी हा घोळ वेगळ्या रीतीने सोडवला असेल, तर अवश्य लिहावे.