मदत हवी आहे: 9 पैकी 7 वाला पहिल्या नंबरवर, यादी सुधारायची कशी?

रिकामा_कोपरा: मंडळी, मी बास्केटबॉलच्या थ्री-पॉइंट शूटिंगची क्रमवारी ठेवतो. मोसम नुकताच सुरू झालाय, त्यामुळे 9 पैकी 7 शॉट घातलेला एकजण 77.8 टक्क्यांनी पहिला आणि 95 पैकी 41 घातलेला 43.2 वर, कितीतरी खाली. म्हणून प्रत्येकाच्या खात्यात लीगच्या सरासरीने, म्हणजे 36 टक्क्यांनी, 20 काल्पनिक शॉट टाकले. तरी पहिला 49 वर, दुसरा 42 वर. 1000 टाकले तर सगळेच 36 ला चिकटतात. हा आकडा आणायचा कुठून?

सरळहिशोब: एवढा खटाटोप कशाला? 50 शॉटची अट घाला, संपलं.

रिकामा_कोपरा: मग 51 शॉटवाला नशीबवान वर येतो, आणि 49 वाला यादीतच नाही!

अंपायर_काका: मी क्लब क्रिकेटच्या बॅटिंग सरासरीला हेच लावलं होतं. दोन डाव नाबाद राहिलेल्या पोरानं सगळा घोळ केला.

जुना_स्कोअरर: काका, तुमचं गणित वेगळं. तिथे धावा भागिले बाद, 'गेला की नाही' असा प्रश्नच नाही. तिथे काल्पनिक बाद आणि त्यांच्या सरासरी धावा मिळवा.

कोपरा, आकडा मागच्या मोसमातून काढा. साधारण 200 शॉट घेतलेले खेळाडू निवडा आणि त्यांच्या टक्केवारीचं प्रमाण विचलन बघा. समजा 4.5 अंक आलं. सगळ्यांचा हात अगदी सारखा असता, तरी निव्वळ नशिबाने 200 शॉटमध्ये सुमारे 3.4 अंकांचा फरक पडलाच असता. दोन्हींचे वर्ग करून वजाबाकी करा. उरतो तो खऱ्या कौशल्यातला फरक, साधारण 3 अंक. मग काल्पनिक शॉटचा आकडा, त्याला K म्हणू, असा येतो:

```
K = 0.36*0.64/(0.03^2) - 1   # सुमारे 255
```

सोयीसाठी 250 धरा, म्हणजे 90 गेलेले आणि 160 चुकलेले. आता 9 पैकी 7 वाला 97/259, म्हणजे 37.5 टक्के. 95 पैकी 41 वाला 131/345, म्हणजे 38.0. क्रम उलटला की नाही? आणि हो, 36 हा आकडा लीगच्या एकूण गेलेल्या शॉटना एकूण शॉटनी भागून काढा. खेळाडूंच्या टक्केवाऱ्यांची सरासरी घेतलीत, तर दोन-चार शॉटवाले ती बिघडवतात.

सरळहिशोब: म्हणजे 20 चे 250 केले, एवढंच ना?

जुना_स्कोअरर: एवढंच. पण 250 मनाने धरलेला नाही.

रिकामा_कोपरा: लावून बघितलं, वरचा भाग झकास आला. तळाशी मात्र गंमत आहे. कधीच बाहेरून न मारणारा एक सेंटर 3 पैकी 0 वर आहे, त्याला 35.6 मिळाले. रोज मारणारा, 100 पैकी 30 घातलेला गार्ड 34.3 वर, त्याच्या खाली!

जुना_स्कोअरर: हं. जो मारतच नाही, त्याला लीगची सरासरी देणं चूकच. सेंटर लोकांची सरासरी वेगळी काढून बघा. पण त्यांचे शॉट इतके थोडे असतात, की त्यांचा K भरवशाचा येईल याची खात्री मी देणार नाही.

अंपायर_काका: आणि नाबाद पोराच्या त्या धावा, त्या मोजायच्या की नाही?