हयातीचा दाखला दरवर्षी पेन्शनरनेच का द्यायचा?

नंदिनी_पुणे
आई ७८ वर्षांची आहे. केंद्र सरकारच्या नोकरीतली तिची स्वतःची पेन्शन आणि बाबांच्या रेल्वेतल्या नोकरीची फॅमिली पेन्शन एकाच खात्यात येते. नोव्हेंबरात मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला भरला, प्रमाण आयडीही आला. तरी डिसेंबरची फॅमिली पेन्शन जमा झाली नाही, तिची स्वतःची आली. चूक कुठे झाली? आणि मृत्यूची नोंद सरकारकडेच होते, तर जिवंत असल्याचा पुरावा म्हाताऱ्या माणसाने का द्यायचा?

निवृत्त_बँकवाला
ताई, दाखला माणसाचा नसतो, पीपीओचा म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशाच्या क्रमांकाचा असतो. आईंचे पीपीओ दोन, म्हणजे दाखलेही दोन. फॉर्ममध्ये पेन्शनचा प्रकार ‘सर्व्हिस’ की ‘फॅमिली’, मंजूर करणारं खातं, पैसे देणारी बँक आणि पीपीओ क्रमांक असं सगळं भरावं लागतं. तुम्ही एकदाच भरलंत, तेही आईंच्या पेन्शनचं. आता फॅमिली पेन्शनचा पीपीओ हाताशी घेऊन पुन्हा चेहरा दाखवा. नवा आयडी येईल, थकलेली रक्कमही मिळेल.

आणखी एक. आयडी आला म्हणजे दाखला तयार झाला, एवढंच. पीपीओचा एक आकडा चुकला किंवा भलतीच बँक निवडली, तर बँक तो नाकारते. म्हणून आठवडाभराने शाखेत विचारून खात्री करा.

का द्यायचा, तर मी पेन्शनच्या टेबलावर बसलो आहे म्हणून सांगतो. माणूस गेल्याचं बँकेला कुणी कळवत नाही, एटीएम कार्ड घरातच असतं, पैसे निघत राहतात. खरं तर त्या दिवसानंतर पूर्ण पेन्शन बंद होऊन पत्नीला बहुतेक वेळा कमी दराने फॅमिली पेन्शन सुरू व्हायची असते. वर्षभराने उघडकीला आलं की जादा गेलेली रक्कम त्याच बाईच्या पेन्शनमधून कापली जाते. दुखवट्यातल्या घराकडे वसुली मागणं मला कधीच जमलं नाही.

मावळतीकर
काका, तुमचं दुःख पटतं, उपाय पटत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली, देशभराचा एकत्रित नोंदसंच करायचं ठरलं. मग बँकेने मृतांची यादी जुळवावी. काही जणांचा मृत्यू कळवला गेला नाही म्हणून कोट्यवधी हयातांना रांगेत का उभं करता?

निवृत्त_बँकवाला
जुळवायला दोन्हीकडे एकच ओळख लागते. पीपीओवर ‘गंगूबाई’, आधारवर ‘गंगाबाई’, मृत्यूच्या दाखल्यावर तिसरंच. गावाकडे २१ दिवसांत नोंद होतेच असंही नाही. यादी चुकून जुळली तर जिवंत माणसाची पेन्शन बंद होईल, ते जास्त वाईट.

मावळतीकर
मग यादीत नाव आलं तरच विचारा. बाकीच्यांना नको. यावर तुमचं उत्तर काय?

सुहास_नाशिक
नोव्हेंबर सगळ्यांनाच बंधनकारक आहे, त्यामुळे वाद कशाला? तीस तारखेच्या आत भरा आणि मोकळे व्हा.

पीएफवाली_ताई
सगळ्यांना नाही हो. ईपीएस-९५ वाल्यांचा, म्हणजे पीएफ कार्यालयाची पेन्शन घेणाऱ्यांचा दाखला भरल्या दिवसापासून १२ महिने चालतो. माझ्या सासऱ्यांनी मार्चमध्ये भरला, म्हणजे पुढच्या मार्चपर्यंत चिंता नाही. केंद्र सरकारच्या ८० वर्षं आणि त्यापुढच्या पेन्शनरांना तर १ ऑक्टोबरपासूनच भरता येतो.

शेतकरी_पोरगा
माझे आजोबा अंथरुणाला खिळलेत, अंगठ्याच्या रेषा झिजल्यात. सेवा केंद्रावर नेलं तर यंत्राने तीनदा नाकारलं, आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी पोस्टमन घरी आला, त्याच्या फोनवर चेहरा घेतला, ७० रुपये लागले. घरी चेहऱ्याने करायचं तर चेहऱ्यावर समोरून उजेड पाहिजे, पाठीमागे खिडकी असली की फोटो काळा येतो. अॅपही दोन लागतात, `AadhaarFaceRD` आणि `Jeevan Pramaan`.

टोरंटोकर
आमचे वडील इथे माझ्याकडे आहेत, भारतात जाऊनच सही करावी लागते का?

निवृत्त_बँकवाला
नाही. भारतीय वकिलातीतला अधिकारी, नोटरी, मॅजिस्ट्रेट किंवा बँक अधिकारी यांच्यापैकी कुणाची सही असलेला दाखला चालतो. मात्र तो कोणत्या नमुन्यात हवा, ते आधी शाखेला विचारून घ्या.

मावळतीकर, तुमचं म्हणणं यादीचं. माझ्या मते आधी दोन-तीन वर्षं यादी आणि दाखला दोन्ही चालवून बघावं. यादीत किती जिवंत माणसं मेलेली निघतात ते कळलं, तरच दाखला काढता येईल.

मावळतीकर
तेवढी वर्षं ९० पुढच्यांकडे नसतात, काका.

नंदिनी_पुणे
रात्री दुसरा पीपीओ शोधला. बाबांच्या जुन्या पिशवीत कागद घड्या पडून फाटला होता, शेवटचे दोन आकडे पुसट. पासबुकावर पूर्ण क्रमांक सापडला. आईने पुन्हा डोळे मिचकावले, दुसरा आयडी आला. सोमवारी शाखेत जाते, आईला घेऊन नाही.